खलनायक नसलेल्या शोकांतिकेत प्रतिपक्ष कोण? ‘राजा ईडिपस’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीच्या एका विद्यार्थिनीने नाट्यशास्त्राच्या परीक्षेपूर्वी एक प्रश्न विचारला होता. तिला लिहिलेल्या उत्तराभोवती पुढे नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईच्या विद्यार्थ्यांचे बरेच उपप्रश्न जमा झाले, ते येथे एकत्र दिले आहेत. नाटक एकच घेतले आहे, ग्रीक नाटककार सोफोक्लीजचे ‘राजा ईडिपस’. पु. ल. देशपांडे यांच्या मराठी अनुवादात नायकाचे नाव ‘ओयदिपौस’ असे आहे. ग्रंथालयात तो अनुवाद हाती आला तर नाटक वेगळे आहे असे समजू नये.

मूळ प्रश्न: सर, या नाटकात वाईट माणूस कोणीच दिसत नाही. मग प्रतिनायक म्हणून कोणाचे नाव लिहायचे?

तुम्हाला वाईट माणूस दिसला नाही, याचा अर्थ तुम्ही नाटक नीट वाचले आहे. अडचण ‘प्रतिनायक’ या शब्दापाशी आहे. दहाव्या शतकातल्या ‘दशरूपक’ या ग्रंथात धनंजयाने प्रतिनायकाचे जे लक्षण दिले आहे, त्यात तो लोभी, उद्धट, हेकेखोर, पापी आणि व्यसनी असा नायकाचा शत्रू आहे, आणि रामासमोरचा रावण किंवा युधिष्ठिरासमोरचा दुर्योधन ही त्याची उदाहरणे मानली जातात. ही व्याख्या मनात धरून तुम्ही ग्रीक नाटक वाचता आणि पापी माणूस शोधता, तो सापडत नाही, आणि मग चूक आपलीच झाली असे वाटू लागते.

ग्रीक भाषेतला मूळ शब्द स्पर्धेतून आलेला आहे आणि त्याचा अर्थ समोरचा स्पर्धक एवढाच होतो. आपल्याकडे उरुसात कुस्त्यांचा फड लागतो, तेव्हा समोर उभा राहिलेला पैलवान दुष्ट असावा लागत नाही, त्याने जोर उलट्या दिशेने लावला की पुरते. म्हणून या उत्तरात मी ‘प्रतिपक्ष’ हा शब्द वापरतो. नायक नाटकात जे करू पाहतो त्याच्या विरुद्ध दिशेला जो जोर लावतो, तो प्रतिपक्ष. तो जोर प्रेमापोटीही लावलेला असू शकतो, आणि या नाटकात तो तसाच लावलेला आहे.

थोडक्यात उत्तर असे, की ईडिपसला सत्य शोधायचे आहे आणि द्रष्टा टायरेसियस, ईडिपसची राणी योकास्टा आणि म्हातारा मेंढपाळ हे तिघे त्याला क्रमाक्रमाने थांबवू पाहतात. प्रसंगांच्या पातळीवर हे तिघे प्रतिपक्ष आहेत. संपूर्ण नाटकाच्या पातळीवर मात्र शोधणारा आणि ज्याचा शोध चालला आहे तो, हे दोघे एकच आहेत. ही दोन वाक्ये तुम्ही नाटकातले पुरावे देऊन लिहिली, तर उत्तर पूर्ण होते.

ईडिपसला नेमके काय हवे आहे, हे कसे ठरवायचे?

त्याच्या संपूर्ण आयुष्यातून ते ठरवू नका, रंगमंचावर घडणाऱ्या कृतीतून ठरवा. विद्यार्थी येथेच सर्वांत जास्त घसरतात. पित्याचा वध आणि मातेशी विवाह ही नाटकाची कृती आहे असे ते लिहितात, परंतु पडदा उघडतो तेव्हा त्या दोन्ही गोष्टी घडून कित्येक वर्षे झालेली असतात.

नाटक सुरू होते ते थीब्ज नगरावर आलेल्या अरिष्टाने. पीक उभ्या शेतात करपते आहे, जनावरे मरत आहेत, स्त्रियांची मुले पोटातच दगावत आहेत, आणि लोक राजाच्या दारात येऊन बसले आहेत. राणीचा भाऊ क्रेऑन डेल्फीच्या देवळातून अपोलो देवाचा कौल घेऊन येतो: पूर्वीचा राजा लायस याचा मारेकरी याच नगरात आहे, त्याला शोधून शिक्षा केल्याशिवाय हे अरिष्ट टळणार नाही. मी त्याला शोधीन, असे ईडिपस भर लोकांत जाहीर करतो आणि मारेकऱ्याला शाप देतो. त्याच क्षणी नायकाची कृती ठरली. तो शोधतो आहे. येथून पुढच्या प्रत्येक पात्राला एकच प्रश्न विचारायचा: हे पात्र शोधाला पुढे ढकलते की मागे ओढते?

टायरेसियस, योकास्टा आणि मेंढपाळ यांना एकाच रांगेत कसे बसवता? एक ज्ञानी, एक राणी, एक गुराखी.

तिघांची प्रतिष्ठा वेगळी असली तरी कृती एकच आहे. तिघांनाही ईडिपसच्या आधी सत्य कळते, आणि तिघेही त्याला विचारणे थांबव असे सांगतात.

अंध द्रष्टा टायरेसियस आला की पहिल्यांदा परत जाऊ द्या असे म्हणतो. ज्या ज्ञानाने ज्ञात्याचे भले होत नाही ते असणे भयंकर आहे, अशा अर्थाचे त्याचे बोलणे आहे. ईडिपस विनवतो, मग चिडतो, शेवटी तूच या कटात सामील असशील असा आरोप करतो, आणि तो आरोप असह्य झाल्यावरच टायरेसियस सांगतो की मारेकरी तू आहेस. सत्य बाहेर काढले ते ईडिपसच्याच दबावाने, याची नोंद ठेवा, कारण मेंढपाळाच्या प्रसंगात हेच पुन्हा घडते.

योकास्टाचा विरोध दोन टप्प्यांत येतो. पहिल्या टप्प्यात तिला काहीच माहीत नसते आणि ती नवऱ्याला फक्त धीर देत असते. भाकिते खरी नसतात हे पटवण्यासाठी ती आपलेच उदाहरण देते: लायस मुलाच्या हातून मरेल असे भाकीत होते, पण ते मूल तर जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या आत घोट्यांना बांधून डोंगरावर टाकून दिले गेले आणि लायसला लुटारूंनी तीन वाटा मिळतात त्या जागी मारले. ती सांत्वनासाठी बोलते आणि त्यातला ‘तीन वाटा’ हा तपशील ईडिपसच्या काळजात रुततो, कारण अशाच एका तिठ्यावर त्याने एका वृद्धाला मारलेले असते. थांबवण्यासाठी उच्चारलेल्या शब्दानेच शोध पुढे सरकतो, आणि या नाटकाची बांधणी कळण्यासाठी ही जागा दोनदा वाचावी. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ईडिपस जेथे लहानाचा मोठा झाला त्या कोरिंथहून आलेला दूत घोटे टोचलेल्या त्या मुलाची गोष्ट सांगू लागतो तेव्हा, तिला सगळे उमगते आणि ती जिवाच्या आकांताने ‘पुढे विचारू नका’ असे विनवते.

मेंढपाळाविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण हे पात्र मला एका विद्यार्थ्याने शिकवले. अंबाजोगाईला आमच्या महाविद्यालयाच्या आवारात चिंचेखाली या प्रवेशाची तालीम चालली होती. मेंढपाळाची भूमिका करणारा मुलगा धनगर कुटुंबातला होता. दरवर्षी पावसाळा सरला की त्याच्या घरची मेंढरे वाटेतल्या शेतांत खतासाठी बसवत दूरवर जायची. मी त्याला राजासमोर भीतीने थरथरायला सांगितले होते. त्याने दोनदा करून पाहिले आणि मग थांबून म्हणाला, “सर, सा-सा महिने एका रानात मेंढरं चारलेला माणूस दुसऱ्याला इसरत नसतो. ह्याला आठवतंय सगळं. ह्यो नुसतं नाही म्हणतोय.”

त्याने नाटकातलाच तपशील अचूक पकडला होता. कोरिंथचा दूत सांगतो की किथेरॉन डोंगरावर आम्ही दोघांनी वसंतापासून शरदापर्यंत, सहा-सहा महिने, असे तीन हंगाम शेजारी शेजारी कळप चारले. असा शेजारी विसरणे शक्य नाही. त्यानंतर त्या मुलाने राजाकडे पाहणेच सोडले. तो नजर दूतावर रोखून उभा राहू लागला, आणि दूत आनंदाने ‘तेच मूल हे, आपले महाराज’ असे म्हणताच त्याची काठी अर्धी उचलली जायची. संहितेत त्या जागी मेंढपाळ दूताला तोंड बंद ठेव असे दरडावतो आणि ईडिपस त्याला अडवतो. त्या उचललेल्या काठीत भीती नव्हती, संरक्षण होते. याच माणसाने एकेकाळी दया येऊन त्या मुलाला मरू न देता या दूताच्या हाती सोपवले होते, आणि आज तो दुसऱ्यांदा त्याला वाचवू पाहतो आहे. ईडिपस त्याचे हात पाठीमागे पिरगाळायला लावतो, तेव्हा तो बोलतो.

नायक ज्याचा छळ करतो तो नायकाला वाचवणारा निघतो, आणि तरीही त्या प्रसंगात तो प्रतिपक्ष असतो. खलनायक शोधत बसणाऱ्या वाचकाच्या हातून ही जागा नेमकी निसटते.

क्रेऑनला प्रतिपक्ष म्हटले तर गुण जातील का? शेवटी राज्य त्यालाच मिळते.

राज्य मिळणे हा पुरावा होत नाही. क्रेऑन ईडिपसच्या शोधाला कोठेही अडवत नाही, उलट डेल्फीचा कौल तोच आणतो. कटाचा आरोप होतो तेव्हा त्याचा बचाव अगदी साधा आहे: राजाचा मान आणि अधिकार मला राणीचा भाऊ म्हणून मिळतोच आहे, तोही राजाच्या काळज्यांशिवाय, मग मी सिंहासनाची हाव का धरावी? शेवटीही तो अंध झालेल्या ईडिपसची टर उडवत नाही, त्याच्या मुलींना भेटीला आणतो आणि पुढे काय करावे यासाठी पुन्हा देवाचा कौल मागतो.

गफलत बहुधा ‘अँटिगनी’ नाटकामुळे होते. त्यातला क्रेऑन खरोखर नायिकेसमोर उभा ठाकतो. नाव एक असले तरी दोन नाटकांतले स्थान वेगळे आहे, आणि एका नाटकाचा पुरावा दुसऱ्यात चालत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या एका प्रयोगात मी क्रेऑनला काळा अंगरखा घालून मिशीवर ताव देताना पाहिले आहे. प्रेक्षकांनी पहिल्या दहा मिनिटांत त्याला दोषी ठरवले, ईडिपसचा खोटा आरोप त्यांना खरा वाटला, आणि योकास्टा मध्ये पडून भांडण सोडवते त्या प्रवेशाला अर्थच उरला नाही.

सरळ ‘नियती’ असे लिहिले तर? मार्गदर्शकांत तेच उत्तर असते.

तेच उत्तर असते, आणि ते अर्धवट आहे. डेल्फीचे जुने भाकीत दोनच गोष्टी सांगते: हा पित्याला मारील आणि मातेशी विवाह करील. त्या दोन्ही नाटकापूर्वी घडल्या आहेत. हे सत्य एका दिवसात, स्वतःच्या चौकशीतून, सगळ्यांनी नको म्हणत असताना त्याला कळेल, असे त्या भाकितात नाही, आणि नाटक तर नेमके त्याच दिवसाचे आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे जोराची दिशा. मारेकऱ्याला शोधा असे अपोलोच सांगतो. म्हणजे ईडिपस ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेने देव त्याला ढकलतो आहे. फडात पाठीमागून ढकलणाऱ्याला आपण समोरचा पैलवान म्हणत नाही. नियती हे ईडिपसच्या आयुष्याचे उत्तर असू शकते, या नाटकातल्या संघर्षाचे नाही.

डोळे फोडून घेतल्यावर ईडिपस स्वतः हा भेद करतो. ही दुःखे अपोलोने आणली, पण वार करणारा हात माझा स्वतःचा होता, अशा आशयाचे त्याचे शब्द आहेत. नियतीवर लिहायचेच असेल तर हे वाक्य दोन्ही अंगांनी उद्धृत करावे. बहुतेक उत्तरांत त्याचा पहिला अर्धाच येतो.

मग त्याचा अहंकार, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेला दोष, हाच प्रतिपक्ष मानावा का?

अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘हमार्शिया’ या शब्दाचा अर्थ चूक, नेम चुकणे, असा आहे. त्याचे ‘स्वभावदोष’ असे भाषांतर करून त्यात अहंकार भरण्याची सवय वर्गांतून लागली आहे. ईडिपस तापट आहे हे खरे, टायरेसियसच्या आणि क्रेऑनच्या प्रवेशांत ते स्पष्ट दिसते. पण तो शांत स्वभावाचा असता, तरी लायस त्याचा पिता होता ही वस्तुस्थिती बदलली नसती. तापट स्वभाव हा नायकाचा गुणधर्म आहे, आणि गुणधर्माला प्रतिपक्ष म्हणण्यासाठी त्याने नायकाच्या इच्छेला विरोध करायला हवा. येथे तर त्याचा ताप शोधाला गती देतो.

‘शोधणारा आणि शोधला जाणारा एकच’ हे वाक्य पुराव्याने कसे सिद्ध करायचे?

यासाठी एक सोपी कसोटी आहे. एकेक पात्र मनातल्या मनात काढून पाहा आणि शोकांतिका थांबते का ते तपासा. क्रेऑनवरचा संशय काढला तर एक भांडण कमी होते. टायरेसियसने सगळे पहिल्याच प्रवेशात सांगितलेलेच आहे, तरी कोणी मानले नाही. मेंढपाळ न बोलता मेला असता, तरी ईडिपस दुसरा साक्षीदार शोधत गेला असता, असे त्याच्या वागण्यावरून म्हणता येते. ईडिपसने विचारणे सोडले, तरच नाटक थांबते. योकास्टाला हे कळलेले असते, म्हणूनच ती दुसऱ्या कोणाला काही सांगत नाही, त्यालाच विनवते.

दुसरा पुरावा संहितेत लपलेला आहे आणि फार थोडे विद्यार्थी तो टिपतात. मेंढपाळाला मुळात का बोलावले होते? लायसच्या हत्येतून वाचलेला तो एकटाच साक्षीदार होता, आणि मारेकरी अनेक होते असे त्याने पूर्वी सांगितले होते. एक म्हणजे अनेक नव्हे, या एका आधारावर ईडिपसची सारी आशा टिकून असते. पण मेंढपाळ समोर येतो तेव्हा एक की अनेक, हा प्रश्न त्याला कोणी विचारतच नाही. तोवर कोरिंथच्या दूतामुळे शोधाचा विषयच बदललेला असतो. ‘लायसला कोणी मारले’ या प्रश्नाच्या जागी ‘मी कोणाचा मुलगा’ हा प्रश्न आलेला असतो, आणि या दुसऱ्याचे उत्तर मिळताच पहिला विचारायची गरजच उरत नाही.

ही पद्धत सगळ्या नाटकांना लागू पडते का?

पडत नाही. नायकाला ठामपणे काहीतरी करायचे असते, तेथेच ती नीट चालते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकर दारू सोडू पाहतो आणि पुन्हा तिच्याकडे ओढला जातो, म्हणून तेथे जोर कोठून लागतो हे विचारता येते, आणि तळीराम एकट्याला दोष देऊन भागत नाही हेही कळते. पण पात्रे नुसती वाट पाहतात किंवा एखादे घर हळूहळू ढासळत जाते, अशा नाटकांत प्रतिपक्ष शोधणे म्हणजे ओढूनताणून नाव चिकटवणे होईल. तेथे ‘प्रतिपक्ष व्यक्तिरूपात नाही’ असे लिहून कारण द्यावे.

दहा गुणांच्या उत्तरात हे सगळे मावेल का?

मावणार नाही, आणि मावायची गरजही नाही. पहिल्या परिच्छेदात खलनायक आणि प्रतिपक्ष यांतला भेद दोन-तीन वाक्यांत सांगा. मग तिघांपैकी एकच पात्र निवडा, त्याचा एक प्रवेश पूर्ण उलगडा, आणि शेवटी शोधणारा व शोधला जाणारा यांच्या एकरूपतेकडे या. तिन्ही पात्रांवर चार-चार ओळी लिहिलेली उत्तरे मी तपासतो, तेव्हा विद्यार्थ्याने प्रवेश वाचला आहे की कथानकाचा सारांश, हे मला ठरवता येत नाही.

मी योकास्टा निवडली आहे. ती स्वतःची लाज झाकण्यासाठी थांबवते, असे लिहू का?

नका लिहू, कारण तो ईडिपसचा गैरसमज आहे. आपण हलक्या कुळातले निघू आणि राणीचा अभिमान दुखावेल, म्हणून ती नको म्हणते, असे त्याला वाटते. तिचे शब्द मात्र वेगळे आहेत: स्वतःच्या जिवाची काही पर्वा असेल तर हे शोधू नका, माझे दुःख पुरेसे आहे. जे कळले ते आपल्या एकटीपुरते राहावे आणि त्याला कधीच कळू नये, एवढीच तिची धडपड आहे.

प्रवेश वाचताना आणखी एक गोष्ट पाहा. दूत आणि ईडिपस त्या मुलाविषयी बोलत असतात, तो सगळा वेळ ती तेथेच उभी असते आणि एक अक्षरही बोलत नाही. प्रयोग बसवत असाल तर त्या वेळी प्रकाश तिच्या चेहऱ्यावर राहू द्या. मग ती विनवते, तो ऐकत नाही, आणि आत जाताना ती त्याला फक्त ‘अभागी’ म्हणते, तुला हाक मारायला माझ्यापाशी आता एवढेच नाव आहे, यापुढे दुसरे कधीच असणार नाही, असे म्हणते. नवरा म्हणावे तर तो तिचा मुलगा आहे, आणि मुलगा म्हणावे तर त्याला सगळे कळेल.